दोन आकड्यांचा शोध: पुसलेलं पार्टिशन परत कसं मिळतं

लिनक्ससाठी जागा करायची म्हणून माझ्या एका मैत्रिणीने विंडोजमध्ये एक जुनं पार्टिशन काढायला घेतलं. तिसरं काढायचं होतं, माउस दुसऱ्यावर होता. `Delete Volume` म्हटल्यावर खात्री विचारणारी चौकट आली, तिने सवयीने होकार दिला आणि ५०० जीबीचा निळा पट्टा काळा झाला. त्यावर आता `Unallocated` लिहिलेलं होतं. तिने फोन केला तेव्हा मी एकच गोष्ट विचारली, "त्यानंतर काही केलंस का?" नशिबाने तिने कशालाही हात लावला नव्हता. मी तिला संगणक बंद करून ती डिस्क काढून आणायला सांगितलं.

इतका मोठा साठा क्षणात दिसेनासा झाला, यातच आशेला जागा आहे. साधी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० एमबी लिहिते असं धरलं, तर ५०० जीबीवर खरोखर काही लिहून ते पुसायला तासभर लागला असता. म्हणजे फोटो, फायली, फोल्डरांची रचना यांपैकी कशालाच धक्का लागलेला नव्हता. पुसली गेली होती ती डिस्कच्या सुरुवातीच्या कोष्टकातली एक नोंद. डिस्क म्हणजे सहसा ५१२ बाइटच्या सेक्टरांची क्रमांक दिलेली लांबलचक ओळ असते, आणि कुठलं पार्टिशन कोणत्या सेक्टरपासून कोणत्या सेक्टरपर्यंत आहे ते या कोष्टकात लिहिलेलं असतं. आजच्या बहुतेक डिस्कांवर जीपीटी पद्धतीचं कोष्टक असतं आणि त्यातली एक नोंद १२८ बाइटची असते. तेवढ्या १२८ बाइटच्या जागी शून्यं आली, की आतला सगळा मजकूर बेवारस होतो.

जीपीटीची एक प्रत डिस्कच्या शेवटीही असते, मग ती वापरून काम होईल असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. ती प्रत सुरुवातीचं कोष्टक बिघडलं तर उपयोगी पडावी म्हणून ठेवलेली असते. आपण रीतसर पार्टिशन काढतो तेव्हा दोन्हीकडची नोंद एकदमच जाते.

मग सुरुवात आणि शेवट हे दोन आकडे आणायचे कुठून? ते पार्टिशनच्या पोटातच सापडतात. मैत्रिणीचं पार्टिशन एनटीएफएस, म्हणजे फायली ठेवण्याच्या विंडोजच्या पद्धतीचं होतं. एनटीएफएसच्या पहिल्या सेक्टरमध्ये, चौथ्या बाइटपासून, `NTFS` ही अक्षरं असतात आणि पुढे आपल्याकडे एकूण किती सेक्टर आहेत तेही लिहिलेलं असतं. याच सेक्टरची प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवलेली असते. लिनक्सच्या एक्स्ट४ मध्येही अशीच सोय आहे. तिथे अशी माहिती ठेवणारा सुपरब्लॉक सुरुवातीपासून १०२४ बाइटवर असतो आणि त्याच्या प्रती पुढे ठिकठिकाणी विखुरलेल्या असतात. क्रिस्टोफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं टेस्टडिस्क हे मोफत साधन नेमक्या याच खुणा शोधत डिस्कवरून फिरतं.

डिस्क माझ्या लिनक्स संगणकाला जोडली, तिथे ती `/dev/sdb` या नावाने दिसली, आणि सर्वात आधी उरलेल्या कोष्टकाची प्रत काढली. पुढे काही चुकलं तर निदान होतं तिथपर्यंत परत येता यावं.

```
sudo sgdisk --backup=table.bin /dev/sdb
sudo testdisk /dev/sdb
```

टेस्टडिस्कमध्ये `EFI GPT`, मग `Analyse`, मग `Quick Search` निवडलं. काही वेळाने शाबूत राहिलेली दोन पार्टिशनं दिसली आणि त्यांच्यासोबत दोन नवे उमेदवारही आले. इथेच सर्वात जास्त सावध राहावं लागतं. डिस्कवर कधीकाळी असलेल्या जुन्या मांडणीच्या खुणाही कोपऱ्यांत टिकून असतात, आणि टेस्टडिस्क त्याही समोर ठेवतं.

पहिला उमेदवार एनटीएफएस होता, सुरुवात सेक्टर २०,९७,१७,२४८ आणि शेवट १,२५,८२,९३,२४७. दुसरा एक्स्ट४ होता, ८३,८८,६२,८४८ पासून १,४६,८०,०८,४४७ पर्यंत. पण तिसरं पार्टिशन, जे शाबूत होतं, ते १,२५,८२,९३,२४८ ला सुरू होत होतं. म्हणजे एनटीएफएस उमेदवाराचा शेवट त्याला अगदी खेटून होता, एक सेक्टरही इकडेतिकडे नाही. एक्स्ट४ वाला मात्र जिवंत पार्टिशनच्या आत घुसत होता. दोन पार्टिशनं एकाच जागेवर बसू शकत नाहीत, तेव्हा हा जुना अवशेष हे उघड होतं. तरी `P` दाबून आतल्या फायली पाहिल्या. एनटीएफएसमध्ये तिचे फोल्डर नावांसकट उमटले; एक्स्ट४ मध्ये `Can't open filesystem. Filesystem seems damaged.` एवढंच आलं.

यानंतरही मी लगेच लिहिलं नाही. कोष्टकाला न शिवता पार्टिशन उघडून पाहता येतं, आणि ही पायरी लोक का गाळतात ते मला कळत नाही. सुरुवातीच्या सेक्टरला ५१२ ने गुणलं की बाइटमधलं अंतर मिळतं, आणि तिथून फक्त वाचण्यापुरतं माउंट करता येतं.

```
sudo mount -o ro,loop,offset=107375230976 /dev/sdb /mnt
```

माउंट झालं. दहाबारा फोटो उघडले, एक मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत सरकवला, आणि सगळ्यात महत्त्वाचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले. मग `umount` करून टेस्टडिस्ककडे वळले. त्यात `Write` म्हटलं की पडद्यावरची संपूर्ण यादी कोष्टकात जाते, फक्त हरवलेली नोंद नव्हे. म्हणून आधीची दोन्ही पार्टिशनं आणि एनटीएफएस या तिघांपुढे ठेवायच्या पार्टिशनचं `P` आहे आणि अवशेषापुढे वगळायच्या पार्टिशनचं `D` आहे, हे पाहूनच पुढे जायचं. बाणाच्या कळांनी ही अक्षरं बदलतात.

हेच काम हाताने करायचं ठरवलं आणि `fdisk` ने तेच दोन आकडे देऊन पार्टिशन बनवलं, तर ते मध्येच विचारतं की इथे एनटीएफएसची खूण आहे, ती काढू का? तिथे `N` च म्हणायचं. `Y` म्हटलं, तर जिच्या आधारे इथवर आलो तीच खूण जाते.

हा सगळा उपाय चालतो तो मधल्या काळात त्या जागेवर काही लिहिलं गेलं नसेल तरच. मोकळ्या जागेत नवं पार्टिशन करून ते फॉरमॅट केलं असतं, तर नव्या एनटीएफएसने सुरुवातीचा सेक्टर आणि फायलींची मुख्य सूची यांच्यावर आपलं लिहिलं असतं. मग नावं आणि फोल्डर गेले असते, आणि फोटोरेकसारख्या साधनाने फायलींच्या आतल्या खुणांवरून सुटे तुकडे वेचणं एवढंच उरलं असतं. एसएसडीवर तर तेही अवघड. तिथे फॉरमॅट करताना ही जागा आता रिकामी समज असा ट्रिम आदेश सहसा जातो, आणि मग डेटा खरोखरच नाहीसा होतो. डिस्क कुरकुरत असेल किंवा वाचताना अडकत असेल, तर टेस्टडिस्क थेट तिच्यावर न चालवता आधी `ddrescue` ने पूर्ण प्रतिमा काढायची आणि शोध त्या प्रतिमेत घ्यायचा.

डिस्क परत तिच्या संगणकात बसवल्यावर निळा पट्टा जागेवर होता. ड्राइव्हचं अक्षर तेवढं `E:` ऐवजी `F:` आलं, त्यामुळे तिच्या फोटोंच्या सॉफ्टवेअरला एकही फोटो सापडेना आणि तिचा पुन्हा घाबरून फोन आला. डिस्क मॅनेजमेंटमध्ये अक्षर बदलून पूर्वीचं केलं, आणि फोटो दिसू लागले.