फिजिओथेरपिस्टच्या जागेसाठी अर्ज: क्लिनिक तुमचा रेझ्युमे कसा वाचतं

पुण्यातल्या एखाद्या ऑर्थो-रिहॅब क्लिनिकची जाहिरात साधारण अशी असते: बीपीटी किंवा एमपीटी, महाराष्ट्र कौन्सिलची चालू नोंदणी, मस्क्युलोस्केलेटल कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव, रोज १२ ते १५ पेशंट, गुडघा आणि खांद्याच्या ऑपरेशननंतरचं रिहॅब स्वतंत्रपणे करता यायला हवं. हीच जाहिरात समोर ठेवून रेझ्युमे कसा वाचला जातो ते पाहू. क्लिनिकनुसार तपशील बदलतील, पण वाचण्याची रीत फारशी बदलत नाही.

सगळ्यात आधी नोंदणी पाहतात. महाराष्ट्रात प्रॅक्टिस करायची तर महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेची नोंदणी लागते. रेझ्युमेवर नावाच्या खालीच नोंदणी क्रमांक, परिषदेचं नाव आणि वैधता कधीपर्यंत आहे ते लिहा. बरेच जण ‘रजिस्टर्ड फिजिओथेरपिस्ट’ एवढंच लिहून मोकळे होतात. मग क्लिनिकला फोन करून नंबर मागावा लागतो, आणि शंभर अर्ज आलेले असतील तर तो फोन कुणी करत नाही. इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्सचं सदस्यत्व ही वेगळी गोष्ट आहे. ती व्यावसायिकांची संघटना आहे, तिचा नंबर परिषदेच्या नंबराच्या जागी चालत नाही. शिक्षण दुसऱ्या राज्यात झालं असेल आणि इथली नोंदणी प्रक्रियेत असेल, तर अर्जाची तारीख लिहा आणि पावती जोडा. नूतनीकरण राहून गेलं असेल तर ते आधी करून घ्या, कारण इथे गुण मिळत नाहीत, फक्त दार उघडतं किंवा बंद होतं.

स्पेशलायझेशनमध्ये घोटाळा होतो तो एमपीटी आणि शॉर्ट कोर्स यांची सरमिसळ केल्यामुळे. एमपीटी दोन वर्षांची, त्यात विषय ठरलेला असतो: मस्क्युलोस्केलेटल, न्यूरो, कार्डिओरेस्पिरेटरी, कम्युनिटी, स्पोर्ट्स वगैरे. ड्राय नीडलिंग, टेपिंग किंवा कपिंगची दोन-तीन दिवसांची वर्कशॉप्स ही त्यात भर असते, पर्याय नव्हे. आमच्या जाहिरातीला न्यूरोची एमपीटी केलेली उमेदवार चालेल का? चालू शकते, जर एमपीटीनंतरची दोन वर्षं तिने गुडघे आणि खांदेच हाताळले असतील आणि ते रेझ्युमेवर दिसत असेल. उलट नुसती बीपीटी असलेला, पण तीन वर्षं एका गुडघा-प्रत्यारोपण सर्जनच्या पेशंटसोबत काम केलेला मुलगा त्या जागेला जास्त बसतो. माझं मत विचाराल तर अशा जागेसाठी विषयाच्या नावापेक्षा हाताखालून गेलेले पेशंट जास्त बोलतात. फक्त इंटर्नशिपचे महिने ‘दोन वर्षांच्या अनुभवात’ धरू नका. क्लिनिक डिग्रीची आणि इंटर्नशिप संपल्याची तारीख पाहून स्वतः हिशेब करतं.

आता पेशंटची संख्या. ‘रोज ४० पेशंट हाताळले’ हे वाक्य लिहिणाऱ्याला भारी वाटतं, वाचणाऱ्याला मात्र कसंतरीच वाटतं. आठ तासांची ओपीडी म्हणजे ४८० मिनिटं. भागिले ४०, म्हणजे माणशी बारा मिनिटं. बारा मिनिटांत आयएफटी लावून पडदा ओढता येतो, खांद्याची नीट तपासणी करता येत नाही. जाहिरातीतल्या १२ ते १५ चा हिशेब असा बसतो: दोन नवे पेशंट, प्रत्येकी ४५ मिनिटं, म्हणजे ९० मिनिटं. दहा फॉलोअप, प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे ३०० मिनिटं. उरलेल्या दीड तासात नोंदी, सर्जनला फोन आणि उशिरा आलेला माणूस. फॉलोअप तेरा केले तर आकडा १५ होतो, पण नोंदी लिहायला एकही मिनिट उरत नाही.

म्हणून रेझ्युमेवर एकच आकडा न टाकता तो कुठून आला ते सांगा. ‘ओपीडीत रोज साधारण १४, त्यात २ नवे, आठवड्यातून दोन होम व्हिजिट’ अशी ओळ पुरते. पूर्वीच्या हॉस्पिटलात खरंच ४० होत असतील तर तेही लिहा, पण किती जण मशीनवर असत, हाताखाली किती इंटर्न होते आणि तुम्ही स्वतः किती जणांची तपासणी केलीत, हे सोबत हवं. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, गर्दीच्या ओपीडीत असंच चालतं.

खरा कस लागतो तो निकालांवर. ‘९५ टक्के पेशंट बरे केले’ या ओळीवर कुणी विश्वास ठेवत नाही, कारण बरे म्हणजे काय ते त्यात नाही. तेच काम असं मांडता येतं. समजा एका वर्षात गुडघा प्रत्यारोपणानंतरचे ३८ पेशंट तुमच्याकडे आले. सहा आठवड्यांना गुडघा ११० अंशांपर्यंत वाकावा असं तुमचं लक्ष्य होतं. २७ जणांचा वाकला, ६ जणांचा नाही, ५ जण मध्येच यायचे थांबले. शेवटपर्यंत आलेल्या ३३ पैकी २७, म्हणजे ८२ टक्के. सगळ्या ३८ मधून काढलं तर ७१. दोन्ही आकडे खरे आहेत, पण मधेच थांबलेले पाच लपवून ८२ छापला की मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. मी तरी ‘३८ पैकी २७, ५ जणांनी उपचार सोडले’ असं लिहिणाऱ्याला आधी बोलावेन.

पेशंटच्या प्रकाराप्रमाणे मोजमाप बदलतं. दुखण्यासाठी शून्य ते दहाची पट्टी, खांद्यासाठी स्पाडी, कंबरेसाठी ओस्वेस्ट्री, तोल पाहायला ५६ गुणांची बर्ग स्केल. जे खरंच वापरलं तेच लिहा. मुलाखतीत गोनिओमीटर हातात देऊन ‘गुडघा मोजून दाखवा’ म्हणतात. गोनिओमीटरचा मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, मांडीच्या हाडाच्या खालच्या उंचवट्यावर; एक भुजा खुब्याकडे, दुसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. ज्याने वर्षभर मोजलंय त्याचा हात आपोआप तिकडे जातो.

पेशंटची नावं, एक्स-रे किंवा ऑपरेशनच्या जखमेचे फोटो रेझ्युमेला जोडू नका. परवानगी घेतल्याचं सांगितलंत तरी वाचणारा बिचकतोच.

कागदपत्रांत परिषदेचं प्रमाणपत्र सगळ्यात वर ठेवा, मग डिग्री, इंटर्नशिप पूर्ण केल्याचा दाखला, अनुभवपत्रं आणि आधीच्या ठिकाणचं रिलीव्हिंग लेटर. अनुभवपत्रावर ‘काम समाधानकारक’ एवढंच असतं, तेव्हा विभागाचं नाव आणि रुजू झाल्याची ते सोडल्याची तारीख घालून मागा. लग्नानंतर नाव बदललेल्यांची एक अडचण नेहमीची: डिग्री माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. परिषदेत नाव बदललेलं नसेल तर रेझ्युमेवर नोंदणीतलंच नाव ठेवा आणि विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत सोबत द्या. सगळं एकाच पीडीएफमध्ये, याच क्रमाने.