थिअरी टेस्ट पास झालात, आता पहिली ड्राइव्ह: रस्त्यात उभा असलेला टेम्पो कसा ओलांडायचा

थिअरी टेस्ट पास झाल्यावर पहिल्या ड्राइव्हला आलेले बहुतेकजण सांगतात की नियम पाठ आहेत, फक्त गाडी चालवायची बाकी आहे. नियम खरंच पाठ असतात, त्यात शंका नाही. पण टेस्टमध्ये चित्र थांबलेलं असतं, एका वेळी एकच नियम विचारतात आणि उत्तरं समोर छापलेली असतात. रस्त्यावर तेच चार-पाच नियम एकदम अंगावर येतात आणि गाडी तर चालूच असते. म्हणून या पत्रकात सगळे नियम परत लिहीत नाही, पहिल्या ड्राइव्हला हमखास येणारा एकच प्रसंग घेतो: तुमच्या बाजूला कडेला टेम्पो उभा आहे आणि समोरून गाडी येतेय.

नियम तुम्हाला माहीत आहे. अडथळा ज्याच्या बाजूला, त्याने थांबायचं. टेस्टमध्ये यावर एक मार्क मिळाला असेल. आता हेच गाडीत बसून बघू.

आधी वेगाचं. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास ८ मीटर. नवशिक्याला आरसा बघून, इंडिकेटर देऊन, पाय ब्रेकवर नेऊन, गिअर उतरवायला सहज ४-५ सेकंद लागतात, म्हणजे एवढ्यात ३५-४० मीटर संपले. टेम्पो २० मीटरवर आल्यावर विचार सुरू केला तर उशीर झालेला असतो, आणि मग ट्रेनरला त्याच्या बाजूचा ब्रेक दाबावा लागतो. त्यामुळे पहिल्या ड्राइव्हला आमची मागणी एवढीच की टेम्पो दिसला रे दिसला की अ‍ॅक्सिलरेटर सोडा. अजून काही ठरलं नसलं तरी सोडा, ठरवायला वेळ तिथेच मिळतो.

मग क्रम. आतला आरसा, मग रस्त्याच्या मधल्या बाजूचा आरसा, मग इंडिकेटर, वेग कमी, सेकंड गिअर, आणि बाहेर पडायच्या आधी खांद्यावरून एक नजर, कारण टू-व्हीलर नेमकी आरशात न दिसणाऱ्या जागेतून येते. इथे एक गंमत होते, मान वळली की हातही वळतात आणि गाडी आधीच मध्ये सरकते, म्हणून ही नजर अगदी छोटी, आणि हात सैल न सोडता. दुसरी चूक क्लचची. घाबरून क्लच लवकर दाबला की इंजिनाची पकड सुटते, गाडी मोकळी घरंगळते आणि वेग कमी होत नाही. आधी ब्रेक, वेग उतरला की मग गिअर बदलण्यापुरता क्लच.

आता जायचं की थांबायचं? याचा हिशोब एकदा कागदावर करा, मग रस्त्यावर नुसत्या नजरेने जमायला लागतो. टेम्पो ६ मीटर लांब धरा, पण बाहेर पडायला आणि परत आत यायला जागा लागते, म्हणजे तुम्ही समोरच्याच्या बाजूत साधारण ३० मीटर असता. सेकंड गिअरमध्ये ताशी २० च्या वेगाने याला ५ सेकंदांच्या वर लागतात. समोरची गाडी ताशी ४० ने येत असेल तर तेवढ्यात ती ६० मीटर पुढे येते. तुमचे ३० आणि तिचे ६० मिळून झाले ९०, आणि हे अगदी काठावरचं, त्यात काहीच शिल्लक नाही. म्हणजे ती १०० मीटरच्या बरीच पलीकडे असेल तरच जायचं. नवशिक्याला १०० मीटर हे अंतर भरपूर वाटतं, तिथेच फसगत होते. समोरच्या गाडीचा वेग ओळखणं पहिल्या दिवशी कोणालाच जमत नाही, त्यामुळे शंका आली की थांबा, थांबल्याचे कोणी मार्क कापत नाही.

पण थांबायचं कुठे हे महत्त्वाचं आहे आणि टेस्टमध्ये हे विचारत नाहीत. टेम्पोच्या बुडाला चिकटून थांबलात तर समोरचं काही दिसत नाही आणि निघताना स्टिअरिंग पूर्ण फिरवावं लागतं, वर हाफ क्लचवर गाडी सांभाळायची, म्हणजे बंद पडणारच. दोन गाड्यांच्या लांबीएवढं मागे, किंचित रस्त्याच्या मध्याकडे सरकून थांबा, पण मधल्या रेषेच्या आतच. तिथून टेम्पोच्या पलीकडचं दिसतं आणि थोड्या स्टिअरिंगवर गाडी बाहेर निघते.

ओलांडताना टेम्पोपासून साधारण १ मीटर अंतर ठेवा, म्हणजे दार उघडलं तरी चालतं. तुम्ही गाडीत मधल्या बाजूला बसता आणि टेम्पो असतो तुमच्या पलीकडच्या बाजूला, त्यामुळे अंतर आहे त्यापेक्षा जास्त वाटतं आणि पहिल्या ड्राइव्हला जवळजवळ सगळेच टेम्पोला घासून जायला निघतात. त्यात नजर टेम्पोवर खिळली की गाडीही तिकडेच ओढली जाते. टेम्पोच्या पुढची मोकळी जागा बघा. जवळ येताना मात्र तीन गोष्टी बघून ठेवा: आत ड्रायव्हर बसलाय का, पुढची चाकं वळलेली आहेत का, आणि टेम्पोखालून पलीकडे कोणाचे पाय दिसतायत का. पाय दिसले तर माणूस पुढून बाहेर येणार असं धरूनच चाला. १ मीटर जागाच नसेल तर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जा.

समोरच्याने हेडलाइट मारला तर? काहीजण 'या' म्हणून मारतात, काहीजण 'मी येतोय' म्हणून, आणि लांबून यातला फरक कळत नाही. लाइटवर विश्वास ठेवू नका, त्याची गाडी खरंच हळू होतेय का ते बघा. मागून हॉर्न वाजला तर तो मागच्याचा प्रश्न. हॉर्न ऐकून निघालेली गाडी बहुतेक वेळा बंद पडते. पडली तर ब्रेक दाबून ठेवा, हँडब्रेक ओढा, क्लच दाबा, न्यूट्रल, परत स्टार्ट, आणि मग आरशापासून पुन्हा सुरू, कारण तेवढ्यात मागचं चित्र बदललेलं असतं. घाईत आरसा वगळून निघणं हे गाडी बंद पडण्यापेक्षा वाईट.

आत येतानाही कडेचा आरसा बघायचा आहे, त्यात टेम्पोचा पुढचा भाग पूर्ण दिसला की मग हळूच आत या, आणि इंडिकेटर चालू राहिला नाही ना तेवढं बघा. स्टिअरिंग थोडंच फिरलेलं असतं म्हणून तो बरेचदा आपोआप बंद होत नाही.

आमचे ट्रेनर तुम्हाला हे सगळं मोठ्याने बोलायला लावतील: 'टेम्पो दिसला, पाय सोडला, मागे बाईक आहे, समोरून गाडी येतेय, थांबतोय.' वेडगळ वाटतं, पण तुम्ही काय बघितलं नाही ते ट्रेनरला तेव्हाच कळतं, ब्रेक दाबायची वेळ यायच्या आधी. बोलणं मध्येच थांबलं की समजायचं वेग जास्त झालाय. आणि ट्रेनरने त्याच्या बाजूचा ब्रेक दाबलाच तर गाडी कडेला घेतल्यावर नक्की विचारा, 'सर, मी काय बघायचं राहिलं?'