बाहुलीच्या हातातली सुई

सलाईन लावलेलं पाच वर्षांचं मूल पुष्कळदा हात लाकडासारखा ताठ धरून बसतं. दुखत नसतं, तरी बोटसुद्धा हलवत नाही. आपण मोठी माणसंच 'हाताला सुई लावलीय' असं म्हणतो, आणि ते त्याला खरं वाटतं. प्रत्यक्षात शीर सापडली की सुई लगेच बाहेर निघते. आत राहते ती मऊ प्लास्टिकची बारीक नळी.

हा गैरसमज समजावून सांगून जात नाही, पण खेळातून जातो. सलाईन लावण्याआधी पाच वर्षांच्या मुलीपुढे कापडी बाहुली, दंडाला बांधायचा रबरी पट्टा, स्पिरिटचा बोळा, सुई काढून टाकलेली नळी आणि चिकटपट्टी ठेवा. सुरुवात मात्र प्रश्नाने करा: "हिला दवाखान्यात कशाला आणलंय?" उत्तर येतं, "ही ऐकत नाही म्हणून." तीन ते सहा या वयात आजार आणि इंजेक्शन ही शिक्षाच वाटू शकते. ते आधी कळलं, तर 'यात तुझी काही चूक नाही' हे नेमक्या जागी सांगता येतं. या वयाची आणखी एक भीती म्हणजे भोक पडलं की सगळं रक्त गळून जाईल. म्हणून चिकटपट्टी तिलाच लावू द्यावी.

मग पट्टा मुलीच्या दंडावर क्षणभर आवळून दाखवायचा, बोळ्याचा गारवा लागू द्यायचा. "टोचताना दुखेल, मग सुई बाहेर येईल." 'काहीच दुखणार नाही' म्हणू नये, पुढच्या वेळी तुमच्यावर कोण विश्वास ठेवील? बधिर करणारं मलम लावायचं, तर साधारण तासभर आधी. आणि "आता लावू का?" असं विचारायचं नाही. ती 'नको' म्हणाली, तर काय करणार? त्यापेक्षा "बघणार, की तोंड फिरवणार?" हे विचारावं.

खेळताना तिने बाहुलीला दहादा टोचलं तरी अडवू नये. तिथे तरी सूत्रं तिच्या हातात असतात. पण ती मान फिरवून गप्प झाली, तर सामान बाजूला ठेवावं. गप्प मूल शांत असतंच असं नाही.

दोन वर्षांच्या मुलाला या खेळाचा फारसा उपयोग नाही. त्याची भीती आई दूर जाण्याची आणि दाबून धरलं जाण्याची. त्याला आडवं पाडण्याऐवजी आईच्या मांडीवर, छातीशी घट्ट धरून बसवणं अधिक कामाचं. त्याला सांगायचं तेही अगदी आयत्या वेळी. पाच वर्षांच्या मुलीला त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी, शाळकरी मुलांना काही दिवस आधी. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला बाहुली पोरकट वाटते, पण खरी नळी हाताळायला आवडते. तेरा-चौदाच्या मुलांना सगळ्यांदेखत रडू येण्याचीच धास्ती जास्त. पडदा ओढावा आणि सगळं थेट त्यांच्याशी बोलावं.

खेळाने दुखणं थांबत नाही, आणि तातडीच्या वेळी खेळायला सवड नसते. तेव्हा बाहुली नंतर द्यावी. नंतरच्या खेळातही बरंच कळतं: बाहुलीचा हात अजून ताठच धरलेला असेल, तर सुई बाहेर आली हे तिला पटलेलं नाही. नळी पुन्हा एकदा दाखवावी.