ॲड रिजेक्ट झाली तर अपील कधी करायचं आणि कधी नुसते शब्द बदलायचे

फेसबुक-इन्स्टाग्रामवर हेल्थची ॲड रिजेक्ट झाली की बहुतेक जण लगेच अपीलचं बटण दाबतात, आणि तिथेच वेळ जातो. आधी बघायचं की चूक त्यांची आहे की आपली. मशीनने चुकीचं वाचलं असेल तर अपील, शब्दच पॉलिसीत बसत नसतील तर एडिट. ॲड एडिट केली की ती आपोआप परत रिव्ह्यूला जाते, मग वेगळं अपील करावंच लागत नाही.

अपील कोण करू शकतं? ज्याला त्या ॲड अकाउंटचा ॲक्सेस आहे तोच. नुसतं पेज सांभाळणाऱ्याला ॲड अकाउंटचा ॲक्सेस दिलेला नसेल तर रिजेक्ट झालेली ॲड दिसतच नाही, त्यामुळे आधी तो ॲक्सेस मागून घ्या. मग Business Support Home उघडायचं, अकाउंट निवडायचं, रिजेक्ट झालेली ॲड आणि तिच्याखाली कारण दिसेल, तिथेच Request review. एका ॲडसाठी सहसा कागदपत्रं मागत नाहीत, पण अख्खं अकाउंटच अडवलं असेल तर ओळखपत्र मागू शकतात, आणि प्रिस्क्रिप्शनची औषधं विकणारी ऑनलाइन फार्मसी असेल तर मेटाला LegitScript या ऑनलाइन फार्मसी तपासणाऱ्या कंपनीचं सर्टिफिकेशन लागतं, ते नसताना कितीही अपील केलं तरी काही होत नाही.

आता एक केस सांगतो. माझ्याकडे एका आहारतज्ज्ञ बाईंची ॲड आली होती, रिजेक्ट झालेली. मजकूर असा होता:

"तुमची शुगर वाढलीय का? 3 महिन्यांत गोळ्या कायमच्या बंद!"

कारण दिलं होतं Personal attributes. म्हणजे ॲड वाचणाऱ्याला थेट सांगते किंवा सुचवते की तुला अमुक आजार आहे. डायबेटिस हा शब्द चालतो, "तुला डायबेटिस आहे" हा सूर चालत नाही. त्यांनी काय केलं तर "तुमची" काढून "शुगर वाढलीय?" एवढंच ठेवलं आणि परत पाठवली, परत रिजेक्ट. मराठीत हाच घोळ होतो, आपण सर्वनाम गाळलं तरी प्रश्न समोरच्यालाच असतो आणि पॉलिसीत सुचवणंही मोजलं जातं. म्हणून प्रश्नच काढायचा आणि वाक्य वाचणाऱ्याबद्दल न ठेवता सेवेबद्दल करायचं.

दुसरी चूक त्या कारणात लिहिलेलीच नव्हती, ती म्हणजे गोळ्या बंद होण्याचं वचन. असं वचन पाळता येत नाही, आणि कुणी खरंच गोळ्या सोडल्या तर जिवावर बेतू शकतं, मला तर पॉलिसी नसती तरी हे वाक्य टोचलं असतं. आम्ही शेवटी लिहिलं:

"डायबेटिससाठी रोजचा आहार कसा ठरवायचा? आहारतज्ज्ञांसोबत ऑनलाइन सल्ला. औषधांत बदल फक्त डॉक्टरांच्या सल्ल्यानेच."

इथे प्रश्न आहे, पण तो आहाराबद्दल आहे, वाचणाऱ्याच्या तब्येतीबद्दल नाही. ॲडमध्ये पोटाचा आधी-नंतरचा फोटो होता, तोही हटवून भाजीच्या ताटाचा टाकला.

तरी तिसऱ्यांदा रिजेक्ट! मग लक्षात आलं की लिंक उघडली की पेजवर पहिलीच ओळ "गोळ्यांना कायमचा रामराम". रिव्ह्यूमध्ये लँडिंग पेजही बघतात, आणि हे लोक हमखास विसरतात. पेज बदललं, ॲड परत सबमिट केली, दुसऱ्या दिवशी चालू झाली. रिव्ह्यू साधारण 24 तासांत होतो, कधी जास्त लागतो. त्या वेळात तीच ॲड कॉपी करून पुन्हा पुन्हा टाकत बसू नका, सारख्या रिजेक्शनने अकाउंटच अडकतं.

लोनच्या ॲडला हेच लागू आहे. "कर्जात बुडालात? कुणालाही हमखास लोन" यात पहिलं वाक्य समोरच्याच्या आर्थिक परिस्थितीवर बोट ठेवतं आणि दुसरं खोटं आहे. त्याऐवजी "पर्सनल लोनसाठी ऑनलाइन अर्ज. मंजुरी पात्रतेनुसार. व्याज, मुदत आणि फी पेजवर दिली आहे." मात्र गूगलवर पर्सनल लोन चालवत असाल तर पेजवर खरंच सगळं दिलेलं लागतं: परतफेडीची कमीत कमी आणि जास्तीत जास्त मुदत, फीसकट वर्षाचा जास्तीत जास्त व्याजदर, आणि एक उदाहरण ज्यात एकूण किती भरावं लागेल ते लिहिलंय. 60 दिवसांत किंवा त्याआधी पूर्ण फेडायचं लोन असेल तर ती ॲड तिथे घेतच नाहीत, मग शब्द कितीही गोड लिहा.

गूगलवर अपील करताना कारण विचारतात, Dispute decision की Made changes to comply with policy. पेज सुधारलं असेल तर दुसरं निवडा, आणि बदललेलं पेज लाइव्ह झालंय हे स्वतः मोबाइलवर उघडून बघितल्याशिवाय सबमिट दाबू नका.