परकी ओळ आणि शून्य: एम-वनच्या मॅट्रिक्स प्रश्नांतला पडताळा

डिटर्मिनंट मॅट्रिक्सपेक्षा जुना. ‘मॅट्रिक्स’ हा शब्द 1850 चा, पण समीकरणं सोडवण्यासाठी डिटर्मिनंट त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होता. हातानं आकडेमोड करणारे ओळीच्या शेवटी बेरजेचा एक जादा रकाना लिहीत आणि बाकीच्या आकड्यांसोबत तोही पुढे नेत. बेरीज जुळली नाही की चूक त्याच पायरीवर दिसे. पेपर काढतानाही हीच सवय उपयोगी पडते.

एम-वनमध्ये, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या गणितात, अॅडजॉइंटवरून इन्व्हर्स काढण्याच्या प्रश्नात असा पडताळा आयताच मिळतो. एका ओळीचे कोफॅक्टर त्याच ओळीशी गुणून बेरीज केली की डिटर्मिनंट मिळतो, परक्या ओळीशी गुणले की शून्य. ओळी (2, 1, 3), (1, 0, 2), (4, 1, 9) घ्या. पहिल्या ओळीचे कोफॅक्टर -2, -1, 1, त्यामुळे डिटर्मिनंट -4 - 1 + 3 = -2. तिसऱ्या ओळीशी गुणलं तर -8 - 1 + 9 = 0. पहिल्या ओळीच्या कोफॅक्टरांसाठी तपासणाऱ्याला सहसा एवढं पुरतं.

आता विद्यार्थी मधल्या कोफॅक्टरचं चिन्ह विसरला आणि त्यानं +1 लिहिला असं धरा. डिटर्मिनंट शून्य येतो. तो ‘इन्व्हर्स अस्तित्वात नाही’ असं लिहून मोकळा होतो. घाईत दुसऱ्या ओळीनं ताळा घेतला तर -2 + 0 + 2 = 0, म्हणजे सगळं ठीक दिसतं, कारण त्या ओळीत मध्ये शून्य आहे. तिसरी ओळ 2 देते आणि चूक पकडते. म्हणून ताळ्याच्या ओळीत शून्य ठेवू नये, हे पेपर काढणाऱ्यांना सांगावं लागतं. खरं तर त्यांच्या ते आधीच लक्षात यायला हवं.

सगळ्यात जास्त वाद मात्र डिटर्मिनंट 1 ठेवावा का, यावर होतो. बाजूनं बोलणारे म्हणतात, उत्तरात अपूर्णांक आला की चूक लगेच दिसते. माझ्या मते ही सोय फसवी आहे. 1 ने भागायला विसरलेल्या मुलाचं उत्तर बरोबरच येतं, आणि त्याला ती पायरी माहीत होती की नाही हे कुणालाच कळत नाही. -2 असेल तर चिन्ह आणि भागाकार दोन्ही उघडे पडतात. मॅट्रिक्स सममितही नको, नाहीतर कोफॅक्टरांचा ट्रान्सपोज विसरणाराही सुटतो.

2017 मध्ये मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिका स्कॅन होऊन पडद्यावर तपासायला आल्या. तेव्हापासून आदर्श उत्तरात ताळ्याची ओळ असण्याची गरज वाढली, कारण पडद्यावर मागची-पुढची पानं उलटत चूक शोधणं कंटाळवाणं काम आहे. पण प्रश्नच चुकीचा उतरवून घेतला असेल, समजा 9 च्या जागी 8, तर परक्या ओळीचं शून्य बरोबरच येतं. फक्त डिटर्मिनंट -1 होतो, आणि तपासणारा आदर्श उत्तरातल्या -2 शी तो ताडून पाहील तेव्हाच चूक लक्षात येते.