रिपोर्टमधला ‘एफ’ कसा वाचायचा

आमच्याकडून खताची ट्रायल करून घेणारे लातूर-औसा भागातले बरेच शेतकरी आणि दुकानदार रिपोर्ट हातात पडला की आधी विचारतात, उतारा कोणत्या खताला जास्त आला? सरासरी बघतात आणि रिपोर्ट घडी घालून ठेवून देतात. पण खाली एफ लिहिलेला असतो, म्हणजे खताखतातला फरक हा एकाच खताच्या प्लॉटांमधल्या फरकाच्या किती पट आहे तो आकडा, तो बघितल्याशिवाय त्या सरासरीवर खत घेऊ नका.

समजा सोयाबीनवर तीन खतं, प्रत्येकाचे चार प्लॉट. एकरी क्विंटलमध्ये पहिल्याचे ८, ९, ७, ८ आले, दुसऱ्याचे ९, १०, ११, १० आणि तिसऱ्याचे ९, ८, १०, ९. सरासरी पडली ८, १०, ९, आणि बाराही प्लॉटची मिळून ९.

आता एकच खत टाकलेले चार प्लॉट सुद्धा सारखे आले नाहीत, कुठं जमीन हलकी, कुठं पाणी साचलेलं, हा झाला गटाच्या आतला फरक. तो काढायला प्रत्येक प्लॉट आपल्या खताच्या सरासरीपासून किती लांब आहे ते बघायचं, त्याचा वर्ग करायचा आणि सगळे वर्ग मिळवायचे, इथं बेरीज ६ येते, तिला ९ नं भागायचं (बारा प्लॉट वजा तीन खतं), म्हणजे ०.६७. गटागटातला फरक म्हणजे खतांच्या सरासऱ्या ९ पासून किती लांब आहेत, त्यांच्या वर्गांची बेरीज २, प्रत्येक खताचे चार प्लॉट म्हणून ८, आणि तिला २ नं भागायचं (तीन खतं वजा एक), म्हणजे ४. या ४ ला ०.६७ नं भागलं की एफ आला ६.

खतांत काहीच फरक नसेल तर एफ साधारण १ च्या आसपास राहतो. एवढ्या प्लॉटला तक्त्यातली हद्द ४.२६ आहे, फरक नसताना तिच्या पुढं एफ शंभरात पाचच वेळा जातो. आपला ६ आहे, म्हणजे खतांत फरक आहे असं धरायला हरकत नाही.

आता दुसरं शेत बघा: ८, ११, ५, ८, मग ७, १०, १३, १०, मग ९, ६, १२, ९. सरासऱ्या त्याच, ८, १०, ९! पण आतला फरक ६ वर गेला आणि एफ उरला ०.६७. इथं दोन क्विंटल जास्त आले ते खतानं का जमिनीनं, सांगता येत नाही. खतं सारखीच आहेत असंही यातून ठरत नाही बरं का, फरक असला तरी तो या गोंधळात दिसला नाही एवढंच.

एफ मोठा आला तरी कोणतं खत कोणापेक्षा चांगलं हे तो सांगत नाही, ती जोडीजोडीची तुलना पुढच्या पानावर असते.

एक चूक आम्हाला फार वेळा दिसते. एका खताला एकच मोठा तुकडा देतात, त्याच राशीतून चार वेळा वजन घेतात आणि चार प्लॉट म्हणून लिहितात. मग आतला फरक खोटाच कमी दिसतो न् एफ फुगतो, पण तो तुकडा नाल्याकडचा भारी जमिनीचा असेल तर सगळं श्रेय खताला जातं. म्हणून पेरणीआधी आमचा माणूस येऊन बारा प्लॉट आखतो आणि कोणत्या प्लॉटला कोणतं खत ते चिठ्ठ्या टाकून ठरवतो, तेव्हा चांगला कोपरा ठराविक खताला द्या असा आग्रह करू नका.