ठिपके चाळताना शेततळी कुठे गेली?

उपग्रहाच्या फोटोवरून काढलेला आकडा असला की लोक लगेच मान डोलवतात, अमुक गावात पाण्याखालचं क्षेत्र इतके हेक्टर, दशांशानंतर चार आकडे, म्हणजे अचूकच असणार असं धरून चालतात. मला तेव्हा एकच विचारावंसं वाटतं की चाळण किती बारीक लावली होती? कारण तो आकडा थेट उपग्रहातून पडत नाही. मध्ये नकाशातले बारके ठिपके चाळून काढायची एक पायरी असते जिच्यावर कुणी बोलत नाही, आणि त्या पायरीत आमच्याकडच्या एका कोरडवाहू गावाची झाडून सगळी शेततळी माझ्याच हातून गायब झाली होती, म्हणून हे लिहितोय.

सेंटिनेल-२ उपग्रहाच्या फोटोत जमीन १० मीटर बाय १० मीटरच्या चौकोनांत, म्हणजे पिक्सेलमध्ये दिसते. १०० चौरस मीटर म्हणजे बरोब्बर एक आर, सातबाऱ्यावर हेक्टरनंतर लिहितात तोच आर, गुंठ्यापेक्षा किंचित कमी. सॉफ्टवेअर प्रत्येक चौकोनाला एक नंबर देतं, समजा १ म्हणजे पडीक, २ म्हणजे पीक, ३ म्हणजे पाणी. हा झाला वर्गीकृत रास्टर. तो जवळून बघितला तर मीठ-मिरी भुरभुरल्यासारखा दिसतो, उसाच्या मधोमध एकच पिक्सेल पडीक, माळावर एकच पिक्सेल पीक. बांधावरच्या पिक्सेलमध्ये अर्धं शेत अर्धी वाट येते, झाडाची सावली काळी असते म्हणून ती पाणी समजली जाते, असं बरंच काही. हा रास्टर तसाच पॉलिगनमध्ये बदलला (म्हणजे एकाच नंबरचे चिकटलेले पिक्सेल मिळून एक आकृती) तर एका गावाचे हजारो तुकडे पडतात आणि निम्म्याहून जास्त तुकडे एकेका आरचे निघू शकतात. म्हणून आधी चाळायचं.

आता इथे बरेच जण पहिली चूक करतात. आधी पॉलिगन करतात, मग क्षेत्रफळ बघून बारके पॉलिगन सिलेक्ट करून डिलीट मारतात. डिलीट केलं की तिथे भोक पडतं, ती जमीन कुठल्याच वर्गात राहत नाही आणि गावाची बेरीज कमी भरते. तांदळातला खडा काढून फेकता येतो, जमीन फेकता येत नाही. जीडॅल या नकाशांवर काम करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरचं सीव्ह, म्हणजे चाळण, हे टूल फेकत नाही, ते बारक्या तुकड्याला शेजाऱ्याचा नंबर देतं. आणि शेजारी कोणता? ज्याच्याशी जास्त हद्द लागते तो नाही, तर शेजाऱ्यांपैकी आकाराने सगळ्यात मोठा तुकडा. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यातूनच येतं.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे चिकटलेलं कशाला म्हणायचं. हा छोटा नकाशा बघा, ३ हा तिरका वाहणारा ओढा आहे:

```
1 1 1 1 1 1 1 1
1 3 1 1 1 1 1 1
1 1 3 1 1 2 2 2
1 1 1 3 1 2 2 2
1 1 1 1 3 2 2 2
1 1 1 1 1 2 2 2
```

एकूण ४८ आर. पडीक ३२, पीक १२, पाणी ४. आता बुद्धिबळाचा पट आठवा. हत्ती सरळच जातो, राजा एक घर तिरकाही जातो. हत्तीच्या नियमाने बघितलं तर ओढ्याचे चार पिक्सेल एकमेकांना चिकटलेलेच नाहीत, ते फक्त कोपऱ्यांना टेकलेत, म्हणजे एकेक आरचे चार सुटे ठिपके. चाळणीचा आकडा ४ ठेवला तर चारही उडाले आणि सगळ्यात मोठा शेजारी पडीक, म्हणून पडीक ३६, पीक १२, पाणी शून्य. राजाच्या नियमाने मात्र तोच ओढा चार आरचा एकच तुकडा ठरतो, आणि चाळण चारपेक्षा लहान असलेलंच काढते म्हणून तो पूर्ण वाचतो. नकाशा तोच, चाळणीचा आकडा तोच, फक्त शेजारी कुणाला म्हणायचं ते बदललं. जीडॅल आपणहून हत्तीचा नियम धरतं, राजाचा हवा असेल तर `-8` लिहावं लागतं:

```
gdal_sieve.py -st 4 -8 mul.tif chalun.tif
gdal_polygonize.py chalun.tif -f GPKG gaon.gpkg gaon varg
```

दुसऱ्या ओळीत मी मुद्दाम `-8` देत नाही, कारण कोपऱ्याला टेकलेले तुकडे एकत्र बांधले की पॉलिगनची कड स्वतःलाच शिवते आणि पुढे सॉफ्टवेअर आकृती अवैध म्हणून अडून बसू शकतं. ओढ्याचे परत चार पॉलिगन होतील, होऊ देत, बेरजेला फरक पडत नाही.

आता शेततळ्यांकडे. २०१६ साली राज्यात मागेल त्याला शेततळे योजना आली, त्यातलं सगळ्यात मोठं तळं ३० बाय ३० मीटरचं, म्हणजे ९ आर. मी चाळण ठेवली होती १० ची, कारण नकाशा छान गुळगुळीत दिसत होता. म्हणजे सर्वात मोठं तळंसुद्धा, कडेपर्यंत भरलेलं असलं तरी, त्यातून वाचणं शक्यच नव्हतं. प्रत्यक्षात तर ९ पिक्सेलही मिळत नाहीत, तळं पिक्सेलच्या रेघांना धरून कुणी खोदत नाही, दोन्ही बाजूंनी सरकलेलं असलं तर पूर्ण पाण्याचे पिक्सेल फक्त ४ उरतात आणि बाकीचे काठाच्या मुरमात मिसळतात. हे नुकसान सगळ्या वर्गांत सारखं वाटलं जात नाही. माळ मोठा असतो म्हणून माळ वाढतो, तळी विखुरलेली असतात म्हणून तळी मरतात, दरवेळी त्याच दिशेने.

एक बाजूची गोष्ट सांगतो. नारळ हातात धरून पाणी सांगणाऱ्यांच्या जोडीला आता उपग्रहावरून जमिनीखालचं पाणी दाखवतो म्हणून पैसे घेणारेही झालेत. सेंटिनेल-२ पृष्ठभागावरून परतलेला उजेड मोजतो, जमिनीखालचा झरा त्याला दिसत नाही, अशा रिपोर्टवर बोअर मारू नका.

मोठ्या सरकारी कामातही चाळण असतेच, पण तिथे ती सांगून लावतात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात वनाच्छादन म्हणजे एक हेक्टर किंवा त्याहून मोठा आणि झाडांची घनता १० टक्के किंवा जास्त असलेला भाग. हेक्टरपेक्षा लहान राया, बांधावरची झाडं ते टाकून देत नाहीत, वृक्षाच्छादन म्हणून वेगळी धरतात.

मीही शेवटी तसंच केलं. चाळून झाल्यावर मूळ रास्टरमधलं पाणी परत जागेवर बसवलं आणि मग पॉलिगन केले:

```
gdal_calc.py -A mul.tif -B chalun.tif --calc="where(A==3,3,B)" --outfile=pani.tif
```

यात सावलीचं खोटं पाणीही परत येतं, ते मोठ्या फोटोवर एकेक बघून काढावं लागलं, एक पूर्ण संध्याकाळ गेली. त्यानंतर दोन तपासण्या. पहिली, पॉलिगनची बेरीज आणि पिक्सेलची संख्या गुणिले १०० चौरस मीटर हे जुळलंच पाहिजे, कारण पॉलिगनची कड पिक्सेलच्या कडेनेच जाते. जुळलं नाही तर कुणीतरी कडा गुळगुळीत केल्यात, भोकं पडलीत किंवा प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची पद्धत, चुकलंय. वेबवरच्या नकाशांचं EPSG:3857 धरून नुसतं सपाट मापाने मोजलं तर १९ अक्षांशाला क्षेत्र सुमारे १२ टक्के फुगतं, पश्चिम महाराष्ट्रासाठी EPSG:32643 घ्या. दुसरी, चाळण्याआधीचे आणि नंतरचे वर्गवार आकडे शेजारी ठेवून बघा. माझ्या पहिल्या नकाशात एकूण बेरीज चोख जुळत होती आणि पाण्याच्या रकान्यात फक्त गावतलाव उरला होता.